हाउसकीपिंग अटेंडंटसाठी ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट कर्मचारी’ मानपत्र कसे लिहावे

हाउसकीपिंगमधल्या कुणाची वर्षातील सर्वोत्कृष्ट कर्मचारी म्हणून निवड झाली, की मानपत्राचा मजकूर लिहायचं काम बहुधा अशा माणसाकडे येतं, ज्याने त्या व्यक्तीला काम करताना कधी पाहिलेलंच नसतं. मग हात आपोआप सवयीच्या शब्दांकडे जातो: कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख, प्रामाणिक. मजकूर तयार होतो, टाळ्याही पडतात. पण नाव झाकून तोच कागद अकाउंट्समधल्या कुणासाठी वाचून पाहा. एकही शब्द बदलावा लागला नाही, तर तो छापील नमुना झाला. त्यात त्या बाई कुठेच नाहीत.

अडचण खरी आहे. गेस्ट बाहेर गेला की रूम होते आणि तो परत यायच्या आत अटेंडंट पुढच्या रूममध्ये असते. काम नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, चुकलं तर लगेच फोन येतो. म्हणून मानपत्र लिहिणाऱ्याला आधी एक शोध घ्यावा लागतो: वर्षभरात या कामाचा माग कुठे कुठे उरला आहे? इथे हॉटेलमधल्या एका रूम अटेंडंटचं उदाहरण घेऊन तो शोध आणि पुढचं लेखन दाखवतो. हॉस्पिटल किंवा ऑफिस असेल तर वह्यांची नावं बदलतील, पद्धत तीच.

आधी वह्या, मग माणसं

गेस्टच्या अभिप्रायांपासून सुरुवात करू नका. त्यात रिसेप्शन आणि जेवण यांचंच कौतुक जास्त असतं, आणि रूमबद्दल ‘स्वच्छ होती’ एवढंच. त्यापेक्षा तीन नोंदी मागून घ्या. पहिली, सापडलेल्या वस्तूंचं रजिस्टर. दुसरी, मेंटेनन्सकडे गेलेल्या तक्रारींची नोंद, कारण गळका नळ किंवा सैल प्लग सगळ्यात आधी अटेंडंटलाच दिसतो. तिसरी, फ्लोअर सुपरवायझरचं लॉगबुक. या तिन्हींत त्या व्यक्तीची सही किंवा नाव असलेल्या ओळी वेगळ्या काढा. तारीख, रूम नंबर आणि वेळ तिथेच लिहून घ्या.

सही पाहण्याचा आग्रह मी अनुभवातून धरतो. एकदा मी सुपरवायझरच्या तोंडी माहितीवर भरवसा ठेवून एका बाईंच्या नावावर एक सापडलेली पर्स घातली. प्रत्यक्षात ती दुसरीलाच सापडली होती, रजिस्टरवर सहीही तिचीच होती. आणि ती समोर तिसऱ्या रांगेत बसली होती. मंचावरच्या बाईंनी मान खाली घातली, ते अजून आठवतं.

वह्या झाल्या की त्याच शिफ्टमधल्या दोघातिघांना भेटा. ‘त्या कशा आहेत?’ असं विचारलंत तर उत्तर येईल ‘खूप चांगल्या’. त्याऐवजी विचारा, ‘त्या रजेवर असल्या की काय अडतं?’ या प्रश्नाला लोक नेमकं बोलतात. आमच्या उदाहरणात एकीने सांगितलं, ‘नवीन मुली ड्युवेटला, म्हणजे त्या जाड रजईला, कव्हर चढवताना अडकतात. ताई असल्या की त्या येऊन दाखवतात.’ ही गोष्ट कुठल्याच वहीत नव्हती.

तीनच कामं निवडा

हाताशी दहाबारा नोंदी जमतील. मंचावर ऐकणाऱ्याच्या लक्षात तीन राहतात. निवडताना मी एक फरक पाहतो: काम अंगावर आलं म्हणून केलं, की नजर आणि डोकं वापरून केलं?

सगळ्यात मोह होतो तो सापडलेल्या पाकिटाचा. पण पाकीट परत केलं म्हणून ‘प्रामाणिकपणाचा आदर्श’ असं लिहिलं, की नकळत असा अर्थ निघतो की इतरांकडून तशी अपेक्षा नव्हती. समोर बसलेल्या सगळ्या विभागाला ते लागतं. वस्तू परत करणं हा कामाचा नियमच आहे. सांगण्यासारखं असतं ते वस्तू कशी सापडली आणि पुढे काय केलं.

काही नोंदी दिसायला छान असल्या तरी वगळा. सलग दोन शिफ्ट केल्या, हे कौतुक म्हणून वाचलं तर मनुष्यबळ कमी होतं याची जाहीर कबुली होते. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेल्या रूममध्ये नियमाबाहेर शिरून केलेली मदतही तशीच, शेवट चांगला झाला तरी. आणि ‘रात्रपाळीने राहून गेलेलं काम त्यांनी पूर्ण केलं’ या वाक्यात सत्कार एकीचा आणि ठपका दुसऱ्यांवर. घरची गरिबी, आजारपण, एकटीने मुलं वाढवली, हेही मी घेत नाही. बक्षीस कामाचं आहे.

आमच्या उदाहरणात तीन कामं राहिली: चादरीत सापडलेलं श्रवणयंत्र, भिंतीतली गळती आणि नव्या मुलींना दिलेलं शिक्षण.

एकेक काम असं लिहा

प्रत्येक कामाचे तीन धागे असतात: काय दिसलं, काय केलं, त्यातून काय झालं. कच्च्या मजकुरात बहुधा मधलाच धागा असतो. गळतीचंच घ्या. विभागाकडून आलेली ओळ अशी होती: ‘त्यांनी जागरूकपणे गळती निदर्शनास आणून दिली.’ यात ‘जागरूकपणे’ हा शब्द आपण चिकटवलेला आहे, जागरूकपणा काही दिसत नाही.

म्हणून तक्रारीची मूळ नोंद काढली. त्यात बाईंनी सुपरवायझरकडून लिहून घेतलं होतं की बाथरूमच्या भिंतीलगत कार्पेट ओलं आहे आणि रूम दोन दिवस रिकामी आहे. खरी गंमत या दुसऱ्या भागात आहे. रूम रिकामी, म्हणजे पाणी गेस्टने सांडलेलं नाही आणि त्या रूमच्या सांडपाण्याच्या पाइपातूनही आलेलं नाही, कारण तिथून पाणी वापर झाला तरच जातं. उरतो तो सतत पाणी भरलेला पुरवठ्याचा पाइप. मेंटेनन्सने भिंत तिथेच उघडली आणि सांधा सापडला. आता वाक्य बदलतं: ‘रिकाम्या रूममधलं कार्पेट सलग दोन दिवस ओलं दिसलं, तेव्हा ते पुसून त्या पुढे गेल्या नाहीत. रूम रिकामी असल्याचं त्यांनी तक्रारीत लिहायला लावलं आणि त्यामुळे भिंतीतला गळका सांधा पहिल्याच प्रयत्नात सापडला.’ कौतुकाचं विशेषण एकही नाही, तरी नजर कळते.

परिणाम लिहिताना मात्र हात आवरा. ‘मोठं नुकसान टळलं’, ‘लाखोंची बचत झाली’ हे कुणी मोजलेलं नसतं. नोंदीत आहे तिथे थांबा.

गेस्टची ओळखही झाका. रूम नंबर, नाव, गाव, आजार यांतलं काही मानपत्रात येऊ देऊ नका. श्रवणयंत्राच्या बाबतीत ‘एक ज्येष्ठ पाहुणे’ एवढं पुरतं.

पूर्ण मजकूर

मंचावर वाचायला दीड मिनिट पुरे, म्हणजे दीडशे शब्दांच्या आसपास. जुन्या मानपत्रांत ‘आपण’ असं थेट संबोधन असे. मी ‘त्यांनी’ लिहितो, कारण ऐकणारे सहकारी आहेत आणि गोष्ट त्यांना सांगायची आहे. एक जपावं लागतं. इमारतीत सगळे ‘मावशी’ किंवा ‘ताई’ म्हणत असतील, तरी मानपत्रात पूर्ण नाव आणि पद. वर्षातून एकदा तरी ते माइकवरून ऐकू येऊ द्या. आणि वाक्यं लहान ठेवा, वाचणाऱ्याचा श्वास मध्येच तुटायला नको.

आमचा मजकूर असा झाला:

‘श्रीमती (पूर्ण नाव), रूम अटेंडंट, हाउसकीपिंग विभाग.

लाँड्रीत जाणारी प्रत्येक चादर त्या झटकून, हाताने चाचपून मगच घडी करतात. जून महिन्यात अशाच एका चादरीत त्यांना करंगळीच्या पेराएवढं श्रवणयंत्र सापडलं. ज्येष्ठ पाहुणे नुकतेच निघाले होते. त्यांनी ट्रॉली जागेवर ठेवून रिसेप्शनला फोन केला आणि गाडी आवारातून बाहेर पडण्याआधी यंत्र पाहुण्यांच्या हातात पोहोचलं.

ऑगस्टमध्ये रिकाम्या रूममधलं कार्पेट त्यांना सलग दोन दिवस ओलं दिसलं. रूम रिकामी असल्याचं त्यांनी तक्रारीत आवर्जून नोंदवलं. त्या एका ओळीमुळे भिंतीतला गळका सांधा पहिल्याच प्रयत्नात सापडला.

यावर्षी विभागात आलेल्या सहाही नव्या सहकाऱ्यांना ड्युवेटचं कव्हर चढवायला त्यांनी शिकवलं: कव्हर उलटं करायचं, आत हात घालून ड्युवेटची दोन टोकं धरायची आणि एका झटक्यात सुलटं करायचं. आज सगळा मजला त्याच पद्धतीने पलंग लावतो.

वर्षातील सर्वोत्कृष्ट कर्मचारी म्हणून त्यांची निवड जाहीर करताना आम्हाला आनंद होत आहे.’

‘प्रामाणिक’ हा शब्द कुठेही नाही. ‘सदैव तत्पर’ही नाही. शेवटच्या ओळीत अलंकार चढवायचा मोह झाला होता, पण निवड जाहीर झाली की लोक टाळ्या वाजवतातच, त्यांना पुढचं काही ऐकू येत नाही.

छापण्याआधी

मजकूर आधी मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे निवेदकही अडखळेल. मग सुपरवायझरकडून तारखा आणि घटना तपासून घ्या. नाव ओळखपत्रावरून उतरवू नका, त्या स्वतः कशी सही करतात ते पाहा. मधलं नाव, आडनाव, ‘श्रीमती’ की नुसतं नाव, हे त्यांनाच विचारा.

निवड गुपित ठेवायची असेल तर हे सगळं सुपरवायझरमार्फत करता येतं. पण माझं मत असं की समारंभात धक्का बसण्यापेक्षा मजकूर बरोबर असणं महत्त्वाचं. म्हणून मी आदल्या दिवशी कागद त्यांच्यापुढे ठेवतो. वाचायची अडचण असेल तर वाचून दाखवतो आणि एकच विचारतो, ‘यात काही चुकलंय का?’

आमच्या उदाहरणातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. कार्पेटच्या भागाला मान डोलावली. मग श्रवणयंत्राच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘मी फोन केला, पण ते घेऊन धावत खाली गेला तो बेलबॉय. त्याचं नाव घाला.’ ‘यंत्र पाहुण्यांच्या हातात पोहोचलं’ हे वाक्य आम्ही खोडलं आणि ते कुणी पोहोचवलं ते लिहिलं.