‘फाईल पाठवा’ खटकतं कुठे?

बुटीबोरीच्या आमच्या ऑफिसात मी एकदा स्टोअरच्या वयाने मोठ्या सहकाऱ्यांना मेसेज टाकला: ‘तुम्ही स्टॉकची फाईल अजून पाठवली नाही. कृपया आज पाठवा.’ आदरार्थी ‘तुम्ही’ होतं, ‘कृपया’ही होतं. तरी दुपारी डबा खाताना ते म्हणाले, “काहून जी, नोटीस काढली का आमच्यावर?”

तोंडाने मी ‘पाठवून द्या ना जी’ म्हटलं असतं. तो ‘ना जी’ आणि आवाजातलं आर्जव लिहिताना गळून पडतं आणि उरते नुसती आज्ञा. ‘पाठवा’मध्ये आदर आहे, पण समोरच्याला नाही म्हणायला जागा नाही. ‘कृपया’ने ती जागा होत नाही. उलट ‘कृपया रांगेत उभे राहा’ या पाटीचा सूर येतो.

खरी ठेच मात्र पहिल्या वाक्यात होती. ‘तुम्ही पाठवली नाही’ म्हणजे थेट बोट दाखवणं. त्यातून ‘तुम्ही’ काढा, फाईललाच कर्ता करा: ‘स्टॉकची फाईल अजून आलेली दिसत नाही.’ मग आज्ञेचा प्रश्न करा आणि कारण जोडा: ‘पाचला ऑडिटरला द्यायची आहे, चारपर्यंत पाठवता येईल का?’

वेळ मात्र गाळू नका. ‘जमलं तर बघा’ लिहिलं की फाईल सोमवारी येते. आणि आग लागली असेल तर सरळ ‘मेन स्विच बंद करा’च लिहा, तिथे कोणी रुसत नाही.