पीक विम्याच्या शेवटच्या तारखेची पोस्ट साध्या भाषेत कशी लिहायची

खरीप २०२५ चंच उदाहरण घेऊ. ग्रुपवर फिरणारी पोस्ट साधारण अशी असते: 'योजनेत सहभागाची अंतिम मुदत ३१ जुलै असून, सहभागी व्हावयाचे नसल्यास कर्जदार शेतकऱ्यांनी सदर दिनांकाच्या किमान सात दिवस अगोदर संबंधित बँकेस लेखी कळविणे अनिवार्य आहे.' चूक काहीच नाही, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात फक्त ३१ जुलै राहतो.

आधी बघा की ही तारीख नक्की कोणाची. इथे माणसं दोन प्रकारची आहेत. ज्याने पीक कर्ज घेतलंय त्याचा विमा बँकच काढते आणि हप्ता खात्यातून कापते, म्हणजे गप्प बसला तर तो योजनेत गेलाच. बिगरकर्जदाराचं बरोबर उलटं, गप्प बसला तर बाहेर. त्यामुळे एकाच वाक्यात दोघांना कोंबू नका, दोन वेगळे परिच्छेद करा.

मग तारीख मोजायचं काम तुम्ही करा, वाचणाऱ्यावर ढकलू नका. 'सात दिवस अगोदर' म्हणजे २४ जुलै, गुरुवार. वार आणि साल दोन्ही टाका, कारण अशा पोस्टी पुढच्या वर्षी पण फिरत राहतात आणि नुसतं '३१ जुलै' वाचून कोणाला कळणार कुठल्या वर्षीचं ते.

आता वाक्यं. 'कळविणे अनिवार्य' काढा, माणसाने करायचं काय ते लिहा:

'पीक कर्ज घेतलंय आणि विमा नको? २४ जुलै २०२५, गुरुवारपर्यंत बँकेत जाऊन तसं लिहून द्या. नाही दिलं तर हप्ता कापला जाईल.

कर्ज नाही आणि विमा हवाय? ३१ जुलै २०२५, गुरुवारपर्यंत सीएससी केंद्रात अर्ज भरा. सोबत आधार, पासबुक, सातबारा, पीक पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र आणि फार्मर आयडी न्या.'

फार्मर आयडी नसेल त्याने तो आधी काढायचाय, हे पण वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर माणूस शेवटच्या दिवशी केंद्रावर जाऊन परत येतो. आणि १ रुपयात विमा ही जुनी गोष्ट झाली, २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा खरीप अन्नधान्य आणि तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आहे, तेव्हा जुन्या पोस्टमधून ती ओळ चुकून कॉपी होऊ देऊ नका. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

पाठवायच्या आधी कर्ज असलेल्या एखाद्या काकांना वाचायला द्या. 'कळलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'विमा नको असेल तर तुम्ही कधी, कुठे जाणार?' असं विचारा. '३१ ला केंद्रावर' असं उत्तर आलं तर पहिला परिच्छेद परत लिहा.

मुदत वाढते पण. त्या वर्षी बिगरकर्जदारांना १४ ऑगस्टपर्यंत मिळाली. अशा वेळी जुन्या पोस्टखाली 'मुदत वाढली' एवढंच जोडू नका, ती डिलीट करून नवी टाका, वर 'बदललेली तारीख' लिहा आणि वाढ कोणाला मिळाली ते त्याच ओळीत सांगा.