लंबकाचा सरळ आलेख वाकडा का येत होता: माझा अनुभव

साध्या लंबकाची लांबी 20, 30, 40, 60 व 100 सेंमी ठेवून आवर्तकाल मोजले, तेव्हा त्यांचे वर्ग 0.81, 1.21, 1.61, 2.41 व 4.03 सेकंद² आले. तरीही स्प्रेडशीटमधील आलेख सरळ न येता वर वळत होता. वाचने पुन्हा घेतली, अक्षाची मापे बदलली, पण उपयोग झाला नाही. दोन संध्याकाळी वाया गेल्याचे फार वाईट वाटले.

दोष आलेखाच्या प्रकारात होता. `Line` हा प्रकार लांब्यांना केवळ नावे समजून समान अंतरावर मांडतो, त्यामुळे 30 ते 40 आणि 60 ते 100 ही अंतरे सारखीच दिसतात.

आधी लांबीचा आणि नंतर आवर्तकालाच्या वर्गाचा स्तंभ निवडला, `Scatter` घेतले, बिंदू न जोडता `Linear` कलरेषा काढली. चढ मीटरमागे 4.03 आला आणि 4π² ला त्याने भागल्यावर g = 9.8 मी/से² मिळाला.

लोखंडी, पितळी व लाकडी गोळ्यांच्या आवर्तकालांची तुलना मात्र स्तंभालेखानेच करावी, कारण पितळ आणि लाकूड यांच्या मधले मूल्य नसते. रेषालेख मी आता दर तासाच्या तापमानासारख्या, समान अंतराने घेतलेल्या क्रमवार नोंदींसाठीच वापरतो.