मखराला कुठे ग्लू गन, कुठे फॅब्रिक ग्लू, कुठे टेप?

पुठ्ठ्याच्या मखरावर सगळं ग्लू गनने चिकटवलं, की खणावर गाठी दिसतात आणि दिव्यांच्या माळेजवळची फुलं गळून पडतात. म्हणून हल्ली मी सामान बघून चिकटवायचं ठरवते.

१. खण आणि गोट्याची लेस: फॅब्रिक ग्लू. बोटाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने पुठ्ठ्यावर पातळ थर पसरवा, मग कापड मधून कडेकडे दाबत न्या. ग्लू थेट कापडावर ओतला तर तो झिरपून पुढे डाग पडतो. लेसला टाचण्या लावून रात्रभर ठेवा. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो.

२. कापडी झेंडू, लाकडी मणी, पुठ्ठ्याचे खांब: ग्लू गन. थेंब टाकल्यावर काही सेकंदांतच दाबा. थंड झाल्यावर थेंब सहज सुटून आला, तर दाबायला उशीर झाला असं समजा.

३. कागदी पंखे, कार्डशीटची नक्षी: दुहेरी टेप. ओल्या गोंदाने कागद सुरकुततो, टेपने नाही. पंखा जड असेल तर फोमची जाड टेप घ्या. खरखरीत किंवा धुळकट पृष्ठभागावर मात्र ती टिकत नाही, आधी कोरड्या फडक्याने पुसा.

जपायचं एवढंच: समई किंवा गरम होणाऱ्या बल्बजवळ ग्लू गनचा जोड नको, उष्णतेने तो मऊ पडतो. तिथलं फूल सुई-दोऱ्याने टाचा, आणि कापड-कागद ज्योतीपासून लांबच ठेवा.