सहगुणक हलते असताना स्थिरता तपासायची तर कोणते कोपरे बघायचे?

कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्या कुणालाही राऊथ टेबल मांडता येतं. सिस्टिमच्या बहुपदीची सगळी मुळं काल्पनिक अक्षाच्या डावीकडे असली की सिस्टिम स्थिर, हेही पाठ असतं. प्रोजेक्टला लागल्यावर मात्र कुणी एक आकडा हातात देत नाही. मोटरवरचा भार बदलतो, तेल तापलं की घर्षण बदलतं आणि डेटाशीटवर किमान व कमाल असे दोन रकाने असतात. म्हणजे बहुपदीचा प्रत्येक सहगुणक एका पट्ट्यात कुठेही असू शकतो. अशा अनंत बहुपदी असतात आणि त्या सगळ्या स्थिर आहेत का, हे तपासायचं असतं. मी या विषयात शिरलो तेव्हा सगळ्यात जास्त वेळ एकाच ठिकाणी गेला: कोणते कोपरे तपासायचे आणि का. तेच इथे सविस्तर लिहितो, बाकीचं पुस्तकात मिळेल.

उदाहरण मुद्दाम दुसऱ्या घाताचं घेतो:

m s² + b s + k

m म्हणजे वस्तुमान, b डॅम्पिंग, k स्प्रिंगचा ताठरपणा. समजा m ०.८ ते १.२, b १ ते ३ आणि k ४ ते ६ या पट्ट्यांत आहे. तिन्ही एकमेकांवर अवलंबून न राहता बदलतात असं धरू. हा तीन मितींचा एक डबा झाला आणि त्याला आठ कोपरे आहेत.

दुसऱ्या घाताला उत्तर एका ओळीत येतं. तिन्ही सहगुणक धन असले की दोन्ही मुळं डावीकडे. इथे तिघांच्याही खालच्या मर्यादा शून्याच्या वर आहेत, म्हणून सगळा डबा स्थिर. इथेच वही मिटू नका. हे उत्तर इतकं सहज येतं की त्यामागची यंत्रणा दिसतच नाही, आणि पुढे ती न दिसल्यामुळेच माणूस अडतो.

यंत्रणा बघायला s च्या जागी jω घाला. मग बहुपदीची किंमत अशी होते:

(k − mω²) + j bω

वास्तव भागात फक्त k आणि m आहेत, काल्पनिक भागात फक्त b. म्हणून एखादा ω पक्का करून डब्यातल्या सगळ्या बहुपदींच्या किमती कागदावर काढल्या, तर त्यांचा अक्षांना समांतर असा आयत बनतो. ω = 2 घेऊन बघा. वास्तव भाग 4 − 4.8 = −0.8 पासून 6 − 3.2 = 2.8 पर्यंत जातो, काल्पनिक भाग 2 पासून 6 पर्यंत. आयत उभ्या अक्षावर दोन्हीकडे पसरला आहे, पण त्याची तळरेघ आडव्या अक्षाच्या दोन एकक वर आहे. आरंभबिंदू आयताच्या बाहेर राहिला.

एवढंच बघायचं असतं. डब्यातली एक बहुपदी स्थिर आहे हे माहीत असेल, घात कुठेही कमी होत नसेल आणि ω शून्यापासून कितीही वाढवला तरी आयत आरंभबिंदूला झाकत नसेल, तर सगळा डबा स्थिर. कारण सोपं आहे. मुळं सहगुणकांबरोबर सलग सरकतात. एखादं मूळ डावीकडून उजवीकडे जायचं तर त्याला काल्पनिक अक्ष ओलांडावा लागतो, आणि त्या क्षणी त्या ω ला बहुपदीची किंमत शून्य होते. आपल्या उदाहरणात ω = 0 ला आयत म्हणजे आडव्या अक्षावरचा ४ ते ६ हा तुकडा असतो. ω वाढत गेला की तो वर उचलला जातो, डावीकडे सरकतो आणि परत कधी खाली येत नाही.

आता b ची खालची मर्यादा −०.२ करून बघा. ω = 2 ला तळरेघ −0.4 वर उतरते आणि आरंभबिंदू आत येतो. कोणती बहुपदी तिथे सापडली? m = 1.2, b = 0, k = 4.8. तिची मुळं बरोबर ±2j. हे एकदा आलेख कागदावर हाताने काढा. सॉफ्टवेअरवर थेट उडी मारू नका, असं माझं ठाम मत आहे. आयत स्वतः सरकवल्याशिवाय पुढचं प्रमेय नुसतं पाठांतर होतं.

ते प्रमेय व्लादिमीर खारितोनोव यांनी १९७८ साली सिद्ध केलं. आयताला कोपरे चारच असतात आणि ω धन असेल तोवर ते त्याच चार बहुपदींचे राहतात. वास्तव भागाचं डावं टोक k किमान आणि m कमाल घेतल्यावर मिळतं, उजवं टोक त्याच्या उलट. त्या प्रत्येकाबरोबर b किमान किंवा कमाल. या चार बहुपदी स्थिर असल्या की सगळा डबा स्थिर. घात कितीही असो, तपासण्या चारच. s नसलेल्या पदापासून वर जाताना साचा असा: किमान, किमान, कमाल, कमाल आणि पुन्हा तसंच. उरलेले तीन साचे म्हणजे कमाल-कमाल-किमान-किमान, कमाल-किमान-किमान-कमाल आणि किमान-कमाल-कमाल-किमान.

आता यातला सापळा. बहुतेक जण, आणि काही अनुभवी वरिष्ठसुद्धा, दोनच टोकं तपासतात: सगळे सहगुणक किमान, मग सगळे कमाल. ‘दोन्ही टोकांना चाललं म्हणजे मधे चालणारच’ हा त्यामागचा विचार. दुसऱ्या घाताला हा उपाय खरंच चालतो, कारण तिथे फक्त धन असणंच लागतं आणि सगळे किमान धन आहेत हे त्या तपासणीत दिसतं. म्हणून तो डोक्यात घट्ट बसतो. तिसऱ्या घाताला तो फसवतो. हे उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

s³ + a₂s² + a₁s + a₀

a₂ २ ते ४, a₁ ३ ते ५, a₀ ४ ते ८. सहगुणक धन असताना स्थिरतेची अट a₂a₁ > a₀ अशी आहे. मधल्या किमती घ्या: १२ विरुद्ध ६, स्थिर. सगळे किमान: ६ विरुद्ध ४, स्थिर. सगळे कमाल: २० विरुद्ध ८, आरामात स्थिर. आणि आता a₂ = 2, a₁ = 3, a₀ = 8 घ्या. ६ विरुद्ध ८. गेलं. s³ + 2s² + 3s + 8 चं एक मूळ साधारण −२.२५ आहे आणि उरलेल्या जोडीचा वास्तव भाग +०.१२ च्या आसपास. वाईट कोपरा मिश्र आहे: दोन किमान, एक कमाल. अट वाचली तर ते उघड आहे, डावी बाजू लहान करायची आणि उजवी मोठी. पण टोकं तपासणारा अट वाचतच नाही, तो आकडे घालतो.

‘मग संगणकाला यादृच्छिक नमुने घेऊ दे’ हा दुसरा लाडका शॉर्टकट. याच डब्यात अस्थिर भाग आकारमानाच्या सुमारे १.३ टक्के आहे. पन्नास नमुने घेतले तर एकही अस्थिर न सापडण्याची शक्यता जवळपास निम्मी. नमुने घ्या, पण त्यांच्या जोरावर रिपोर्टमध्ये ‘स्थिर’ असा शब्द लिहू नका.

घाबरू नका, काम फार नाही. तिसऱ्या घाताला सगळे सहगुणक धन असले तर चारपैकी एकच बहुपदी तपासावी लागते, आत्ता पाहिली तीच. चौथ्याला दोन, पाचव्याला तीन. सहाव्यापासून पूर्ण चार.

दुसऱ्या घाताला सापळा नाहीच असंही नाही. तो प्रश्न बदलला की उघडतो. नुसती स्थिरता कुणाला पुरत नाही. गाईड विचारतात, डॅम्पिंग रेशो ०.२ च्या वर राहील ना? आपल्या पहिल्या डब्याकडे परत या.

ζ = b / (2√(mk))

मधल्या किमतींना तो ०.४५ येतो. खारितोनोवच्या चार बहुपदींपैकी सर्वात कमी ०.२२८. पास झालं म्हणून पान उलटाल, पण m = 1.2, b = 1, k = 6 घातलं तर ζ ०.१८६ येतो. स्टेप दिल्यावर ओव्हरशूट ४८ टक्क्यांऐवजी ५५ टक्के. आणि हा कोपरा चारांच्या यादीत नाही!

प्रमेय चुकलं नाही, प्रश्न दुसरा झाला. काल्पनिक अक्षावर s² आणि 1 एकाच रेषेत पडतात, म्हणून m आणि k एकाच बाजूवर खेचतात आणि आयत बनतो. m कमाल, k कमाल हा कोपरा त्या आयताच्या तळरेघेवर मधेच कुठेतरी पडतो, म्हणून त्याला वेगळं तपासायची गरज नव्हती. ठरावीक डॅम्पिंगची रेषा मात्र तिरकी असते. तिच्यावर s², s आणि 1 तीन वेगळ्या दिशांना बघतात, आयताचा षट्कोन होतो आणि आधी दडलेला कोपरा बाहेर येतो. त्यामुळे प्रश्न ‘डावीकडे आहे का’ यापेक्षा वेगळा असेल तर चारांवर विसंबू नका. दुसऱ्या घाताला आठही कोपरे हाताने होतात, आणि ζ तर सूत्रातच दिसतो: b किमान, m आणि k कमाल.

शेवटी सहगुणक स्वतंत्र असण्याबद्दल. प्रमेय ते गृहीत धरतं, तुमचं यंत्र धरेलच असं नाही. तिसऱ्या घाताच्या उदाहरणात समजा a₂ आणि a₀ दोन्ही एकाच भारामुळे बदलतात: a₂ = 2 + 2q, a₀ = 4 + 4q, q ० ते १. पट्टे तेच राहिले. पण a₁ सर्वात कमी, म्हणजे ३ घेतला तरी तुलना 6 + 6q आणि 4 + 4q यांची होते, आणि डावी बाजू नेहमी मोठी. खरं यंत्र प्रत्येक भाराला स्थिर आहे. डबा ज्या कोपऱ्यात अस्थिर दिसतो, तिथे a₂ = 2 आणि a₀ = 8 एकत्र लागतात, आणि तसा भार अस्तित्वातच नाही.

म्हणून डबा पास झाला तर निर्धास्त राहा, सहगुणक बांधलेले असोत वा नसोत. नापास झाला तर लगेच कंट्रोलर बदलू नका. कोणता कोपरा नापास झाला ते लिहा, त्या किमती एकाच वेळी येऊ शकतात का हे मूळ समीकरणांत बघा, आणि येऊ शकत नसतील तर सहगुणकांऐवजी q चा पट्टा धरून राऊथची अट पुन्हा मांडा.