डेटा क्लासिफिकेशन पॉलिसी कशी लिहायची: लेबल, उदाहरणं आणि फाइल ठेवायचे नियम

नेटवरनं टेम्पलेट उतरवून कंपनीचं नाव बदललेली पॉलिसी ऑडिटच्या दिवशी चालते, पण चाकणच्या दोन-तीनशे माणसांच्या पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत एचआरच्या मुलीला समोरची एक्सेल फाइल कुठे ठेवायची हे त्यातून कळत नाही. म्हणून लेबलं नंतर, आधी फाइली. एचआर, अकाउंट्स, डिझाइन, खरेदी, क्वालिटी अशा प्रत्येक खात्यातल्या एकेका माणसाशेजारी बसा आणि तो रोज कुठल्या दहा-बारा फाइली उघडतो, त्या कोणाला पाठवतो हे लिहून घ्या, मॅनेजरला नका विचारू, त्याला व्हॉट्सॲपवर काय काय जातं ते माहीत नसतं.

मग चार लेबलं, जास्त नकोत. पब्लिक म्हणजे वेबसाइटवर टाकलेलं कॅटलॉग. इंटर्नल म्हणजे सुट्ट्यांची यादी, कँटीनचं परिपत्रक, ट्रेनिंगचे पीपीटी. कॉन्फिडेन्शियल म्हणजे कोटेशन, व्हेंडरचे रेट, कस्टमरचं ड्रॉइंग. रिस्ट्रिक्टेड म्हणजे पगार, बँक खाती, आधार-पॅन, सर्व्हरचे पासवर्ड, अजून जाहीर न झालेला कंपनी विकत घ्यायचा व्यवहार. ठरवताना एकच प्रश्न, ही फाइल उद्या बाहेर गेली तर नुकसान कोणाचं आणि किती? सगळ्यालाच कॉन्फिडेन्शियल लावायचा मोह होतो, पण मग लोक लेबल बघायचंच सोडून देतात.

दोन गोष्टी पॉलिसीत स्पष्ट लिहा. एक, ढीग झाला की लेबल वर चढतं, म्हणजे एका सेल्सवाल्याचा मोबाईल नंबर व्हिजिटिंग कार्डावरच असतो, पण सगळ्या कामगारांचे नंबर-पत्ते एका शीटमध्ये आले की ती रिस्ट्रिक्टेड. दुसरं, कस्टमरच्या एनडीएत, म्हणजे गुप्ततेच्या करारात, आपल्यापेक्षा कडक अट असेल तर ती चालणार.

आता एक फाइल शेवटपर्यंत नेऊन बघू, महिन्याचं पगाराचं शीट. बहुतेक ठिकाणी ते शिवाजीनगरच्या पेरोल कन्सल्टंटला मेलने जातं आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये खाली लिहिलेला असतो, म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून दिली. नियम असा लिहा: लेबल रिस्ट्रिक्टेड, ते फाइलच्या नावातच, `RES_Payroll_2025-06.xlsx` असं, आणि प्रिंट निघते म्हणून हेडरमध्येसुद्धा. जागा एकच, एचआरचा बंद फोल्डर, ॲक्सेस नावानिशी तिघांना, "एचआर टीम"ला नाही, कारण टीममध्ये इंटर्न पण असतो. दर तीन महिन्यांनी ती नावं तपासायची. आधारचा रकाना काढून टाका, पीएफला आधार जोडताना पूर्ण नंबर लागतो पण दर महिन्याच्या पगाराला नाही, ओळख पटवायला शेवटचे चार आकडे पुरतात. कन्सल्टंटला अटॅचमेंट नाही, लॉगिन लागणारी आणि सात दिवसांत बंद होणारी लिंक. त्याच्याशी लेखी करार हवाच, कारण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम बाहेर दिलं तरी जबाबदारी कंपनीचीच राहते, आणि सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो.

आणि जे सगळे विसरतात ते: लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये पडलेल्या कॉप्या. पगार जमा झाला की त्या उडवायच्या. हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर कंपनी कायद्यानुसार 8 आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, पण म्हणून प्रत्येक कच्चं शीट 8 वर्षं ठेवायची गरज नाही.

कॉन्फिडेन्शियलचं गणित थोडं सैल, खात्याच्या फोल्डरमध्ये ठेवा, बाहेर एनडीएवाल्यालाच. फक्त ड्रॉइंगवर डोळा ठेवा, भोसरीच्या डायवाल्याला पूर्ण असेंब्ली कशाला, त्याच्या पार्टची शीट पुरते, आणि रिव्हिजन बदललं की शॉप फ्लोअरवरची जुनी प्रिंट श्रेडरमध्ये, रद्दीवाल्याच्या पोत्यात नाही. इंटर्नल कंपनीच्या सिस्टिमवर कुठेही चालेल, पब्लिक मार्केटिंगच्या मंजुरीनंतर.

मसुदा झाला की तपासा. वीस खऱ्या फाइली घ्या, वेगवेगळ्या खात्यातल्या चौघांना एकमेकांशी न बोलता लेबल लावायला सांगा. जिथे चौघांचं जुळत नाही तिथे तुमची व्याख्या लांबवू नका, तीच फाइल उदाहरण म्हणून पॉलिसीत टाका. निम्म्याहून जास्त फाइली कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेडमध्ये गेल्या तर लेबलं फुकट वाटताय, परत खाली आणा.

शेवटच्या पानावर दोन फोन नंबर. एक, नियम मोडायची खरंच गरज पडली तर परवानगी कोण देणार त्याचा, ती लेखी आणि संपायची तारीख घालून. दुसरा, फाइल चुकून भलत्याला गेली तर कोणाला कळवायचं त्याचा, रात्रीसुद्धा उचलला जाणारा, कारण डेटा लीक लक्षात आल्यापासून सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायला 6 तासच मिळतात.