मोगरा माजलाय, पण कळी धरत नाही? छाटणी, ऊन आणि पोटॅशच्या या चुका टाळा

यावल तालुक्यात माझ्या आत्याचं घर आहे. मागच्या संक्रांतीला तिच्याकडे गेले तेव्हा अंगणातल्या अर्ध्या ड्रममधला मोगरा बघून थबकलेच. कंबरेच्या वर गेलेलं झाड, तळहाताएवढी हिरवीगार पानं, रोगाचं नाव नाही. आत्या म्हणाली, "दोन उन्हाळे झाले, एक फूल नाही दिलं यानं. घरात केळी आहे, पोटॅशला काय तोटा? तरी काही फरक नाही."

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला मोगरा फुलत नाही अशी तक्रार आली की पहिला सल्ला मिळतो तो पोटॅशचा. सल्ला खोटा नाही, पण त्याचा नंबर तिसरा आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. नवी फूट यायला योग्य वेळची छाटणी लागते, त्या फुटीच्या शेंड्याला पानाऐवजी कळी धरायला ऊन लागतं, आणि धरलेली कळी पोसायला पोटॅश लागतं. आधीच्या दोन गोष्टी जमल्या नसतील तर तिसरी कितीही ओता, ड्रमच्या भोकातून वाहून जाते.

दिवाळीच्या साफसफाईत केलेली छाटणी

आत्याने दोन्ही वर्षं दिवाळीच्या आधी, अंगण आवरताना मोगरा कापला होता. ऑक्टोबरमध्ये अजून ऊब असते, त्यामुळे कापल्यावर दहा-पंधरा दिवसांत कोवळी फूट येते. मग आपल्याकडची थंडी पडते, रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि ती फूट जागच्या जागी थांबते. फेब्रुवारीत गरम व्हायला लागतं तेव्हा झाडावर असतात त्या थंडीत थिजलेल्या, निबर झालेल्या काड्या. त्यांना वाढायचा जोर नसतो, आणि "दिवाळीलाच कापलंय ना" म्हणून कोणी पुन्हा कात्री लावत नाही.

खान्देशात मोगऱ्याची मुख्य छाटणी जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावी. थंडी ओसरायला लागलेली असते आणि फूट आली की तिला सलग ऊब मिळते. त्याआधी झाडाला ताण द्यायचा. काळ्या जमिनीत लावलेल्या झाडाचं पाणी तीन-चार आठवडे बंद केलं तरी चालतं, कारण आपली माती ओल धरून ठेवते. कुंडीतल्या झाडाचं पाणी मात्र पूर्ण तोडू नका, आठ-दहा दिवसांनी एकदा थोडं द्या. काही पानं पिवळी पडून गळतात, त्याला घाबरायचं नाही.

आत्याचं पाणी आम्ही संक्रांतीला कमी केलं आणि दोन फेब्रुवारीला छाटणी घेतली. आधी जमिनीलगतच्या वाळलेल्या आणि आत एकमेकींत घुसलेल्या बारीक काड्या मुळापासून काढल्या. मग उरलेल्या सात-आठ जाड फांद्या मातीपासून साधारण दीड फुटावर, पानांच्या जोडीच्या जरा वर कापल्या. राहिलेली पानंही हाताने खुडली. आत्याला ते बघवेना, "अगं, मारतेस की काय त्याला?" असं दोनदा म्हणाली. वरची माती दोन-तीन बोटं खोल मोकळी केली, दोन दिवस तशीच उन्हात ठेवली, चांगलं कुजलेलं शेणखत दोन पसे मिसळलं आणि भरपूर पाणी दिलं.

छाटणीच्या बाबतीत उलट चूकही असते. काही घरी मोगरा कधी कापतच नाहीत, जीव होत नाही. तिथे सगळी फूट जुनाट लाकडाच्या टोकाला येते, बारीक आणि थोडी. आणि एप्रिलमध्ये कोणी "वाढलाय फार" म्हणून सगळा मोगरा कापला, तर कळ्या धरलेले शेंडेच कात्रीत जातात आणि बहर दीड-दोन महिने पुढे ढकलला जातो.

एक खात्री आधी करा, की झाड खरोखर मोगराच आहे. कुंद थंडीत फुलतो, त्याची कोवळी काडी आणि पानं बारीक लवदार असतात. कुंदाला मोगरा समजून जानेवारीत कापलं तर त्याची ऐन बहरातली फुलं जातात. कुंदाची छाटणी बहर संपल्यावर करायची.

ऊन आहे असं वाटणं

"आमच्याकडे उन्हाला काय कमी?" हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण गावात ऊन असणं आणि झाडाच्या पानावर ऊन पडणं यात फरक आहे. आत्याच्या अंगणात मी सकाळपासून दर तासाला ड्रमच्या कडेशी सावली कुठे आहे ते खडूने फरशीवर लिहीत गेले. थेट ऊन भरलं ते सकाळी आठ ते साडेदहा. त्यानंतर ओसरीच्या पत्र्याची सावली. अडीच तासांत मोगरा पानं करतो, कळ्या करत नाही. त्याला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं.

ऊन कमी पडतंय हे झाडही सांगतं. काड्या लांब, बारीक होतात, पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतर वाढतं आणि सगळं झाड एकाच बाजूला झुकतं. आत्याचा मोगरा अंगणाच्या फाटकाकडे वाकलेला होता, बघताक्षणी कळत होतं.

यात आणखी एक खोच आहे. जानेवारीत मोजलेलं ऊन एप्रिलमध्ये तसंच राहत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खाली तिरपा असतो, म्हणून पत्र्याखालीसुद्धा ऊन शिरतं. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो आणि तीच जागा सावलीत जाते. अंगणात निंब असेल तर तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पान झाडतो, तेव्हा खाली लख्ख ऊन असतं, आणि पुढे नवी पालवी आली की मोगऱ्याच्या कळीच्या दिवसांत दाट सावली पडते. म्हणून एकदा छाटणीच्या वेळी आणि एकदा मार्चअखेर, असं दोनदा मोजा. आम्ही ड्रम ओसरीपासून बारा-तेरा फूट लांब, सकाळी आठ ते दुपारी दोन ऊन येणाऱ्या कोपऱ्यात सरकवला.

आणि खान्देशात सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे मार्चमध्ये गच्चीवर हिरवी शेडनेट बांधून मोगराही त्याखाली ढकलणं. चव्वेचाळीस अंशांत झाड करपेल ही भीती मला समजते. पण मोगऱ्याच्या पानाला ऊन सोसतं, त्रास होतो तो तापलेल्या कुंडीत भाजणाऱ्या मुळांना. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून बघा, हात ठेवता येत नाही. म्हणून झाडाला सावली करण्यापेक्षा कुंडीला करा. बाहेरून गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा आणि मातीवर केळीच्या वाळक्या पानांचा चार बोटं थर द्या. पाणी सकाळी लवकर द्या. मे महिन्यात लहान कुंडीला संध्याकाळीही लागतं. पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेली कुंडी मात्र हलवा, तिथे भिंतीची धगही झाडाला लागते. सकाळपासून दुपारी एक-दोनपर्यंतचं ऊन सगळ्यात चांगलं.

पोटॅश समजून नत्र देणं

आत्याकडे केळीच्या ड्रिपमधून सोडायला आणलेल्या खताच्या गोण्या असतात. मामा त्यातलं उरलंसुरलं मोगऱ्याला टाकायचे. मी गोण्या बघितल्या तर एक युरिया आणि एक १९:१९:१९. म्हणजे दोन वर्षं त्या झाडाला मिळत होतं ते मुख्यतः नत्र, वर महिन्यातून दोनदा शेणाची स्लरी. झाड माजलं ते त्यामुळेच. गोणीवरचे तीन आकडे ओळीने नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजेच पोटॅश सांगतात. आपल्याला तिसरा आकडा मोठा हवा, पहिला शून्य किंवा लहान.

०:०:५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, हे कुंडीसाठी सगळ्यात सोपं. पाच लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे लिटरला साधारण एक ग्रॅम. ते जरा सावकाश विरघळतं, चांगलं ढवळा. बारा-चौदा इंचाच्या कुंडीला एक लिटर, अर्ध्या ड्रमला दोन लिटर, दर पंधरा दिवसांनी, माती आधीच ओली असताना. लाल किंवा पांढरा म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडतो, पण त्यात क्लोराइड असतं आणि कुंडीत ते साठत जातं, म्हणून तो कुंडीला नको.

कधी सुरू करायचं हे प्रमाणाइतकंच महत्त्वाचं. छाटणीनंतर लगेच देऊ नका, तेव्हा झाडावर पानच नसतं. नव्या फुटीवर पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की पहिला डोस द्या. आत्याच्या झाडावर वीस फेब्रुवारीच्या सुमारास फुटवे दिसले, पाच मार्चला पहिला डोस दिला. युरिया आणि स्लरी पूर्ण बंद.

काळ्या जमिनीत लावलेल्या मोगऱ्याला मात्र पोटॅशची उणीव सहसा नसते, आपल्या काळ्या मातीत पालाश मुळात बऱ्यापैकी असतो. तिथे नत्र थांबवलं, छाटलं आणि ऊन मिळालं की बहुतेक वेळा भागतं. उणीव पडते ती कोकोपीट जास्त असलेल्या कुंड्यांत. तिथे जुन्या, खालच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या आणि मग करड्या होऊन वाळतात. पण अशाच कडा क्षारानेही जळतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसला तर तो क्षार आहे, बोअरच्या जड पाण्याने येतो. तेव्हा आणखी खत घातलं तर झाड अजून बिघडतं. आधी कुंडीच्या खालून धो-धो निघेपर्यंत गोडं पाणी दोन-तीनदा सोडा, आणि पंधरा दिवसांनी बघा.

चुलीची राख टाकायची सवयही बऱ्याच घरी आहे. राखेत पोटॅश असतं हे खरं, पण ती चुनखडीसारखी जमिनीचा सामू वाढवते. आपली माती आणि बोअरचं पाणी दोन्ही आधीच त्या बाजूला झुकलेली. राख वाढली की कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात. ती लोहाची कमतरता, पोटॅशने भरून निघत नाही. केळीच्या सालीचं पाणी नुकसान करत नाही, पण त्यात पालाश फार विरळ उतरतो. साली कंपोस्टमध्ये घाला, कुंडीत पुरल्या तर मुंग्याच येतात.

आत्याच्या मोगऱ्याला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेंड्यांवर कळ्या दिसल्या, तीन-तीनच्या झुपक्यात. मधली कळी आधी उमलते. कळ्या धरल्यावर त्या जांभळट होऊन गळायला लागल्या आणि त्यांना बारीक भोक किंवा जाळं दिसलं, तर ते कळी पोखरणाऱ्या अळीचं काम, खतपाण्याचा दोष नाही. अशा कळ्या रोज वेचून लांब टाका.

अखाजीला लेकी माहेरी आल्या तेव्हा त्या झाडाची ओंजळभर फुलं रोज संध्याकाळी निघत होती. पहिला बहर सरला की फुललेल्या काड्या शेंड्यापासून पानांच्या दोन जोड्या खाली खुडायच्या, हे मी आत्याला फोनवर सांगितलं. तिथून बगलफूट येते आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा कळी धरते. जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत पोटॅश चालू ठेवायचं. संततधार सुरू झाली की थांबवायचं, कारण ते मुळाला लागण्याआधीच धुऊन जातं.